झोपेची गोळी: लागलेली सवय आणि ती हळूहळू कमी करण्याची रीत

रात्रीचे जेवण झाले की बऱ्याच घरांत गोळ्यांची डबी निघते. त्यात रक्तदाबाची एक, साखरेची एक आणि शेवटी ती ‘छोटीशी’. आपल्याकडे मेडिकलवर तिला ‘नींद की गोली’ म्हणतात, घरात आपण ‘झोपेची’ म्हणतो, आणि तिचे खरे नाव विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. कुणाला ती एखाद्या आजारपणात सुरू झालेली असते, कुणाला घरातले माणूस गेल्यावर. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहिलेली असते आणि पंधरा दिवसांची आठ-दहा वर्षे कधी झाली ते कळतच नाही.

मंडळाच्या आरोग्य गटाकडे या गोळीबद्दल सतत विचारणा होते. प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो: “मी बंद करून पाहिली हो, पण तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणजे मला तिची गरजच आहे ना?” आम्हाला या लेखात मुख्यतः याच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. त्या तीन रात्रींवरून गोळीची गरज सिद्ध होत नाही. गोळी एकदम बंद केल्याचा तो परिणाम असतो, आणि हा फरक कळला की पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

आधी गोळीचे नाव. स्ट्रिपवर मोठ्या अक्षरांत कंपनीने दिलेले नाव असते, ते सोडून बारीक अक्षरांतले वाचायचे. तिथे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम किंवा डायझेपाम असे काही दिसले, तर ती सगळी एकाच कुळातली औषधे आहेत. या कुळाला बेंझोडायझेपिन म्हणतात. यातले पहिले औषध १९६० साली बाजारात आले आणि डायझेपाम १९६३ साली. झोल्पिडेम नावाची गोळी रसायन म्हणून वेगळी आहे, पण मेंदूत ती त्याच ठिकाणी काम करते, म्हणून पुढचे बरेचसे तिलाही लागू पडते.

मेंदूत गाबा नावाचे एक रसायन असते. मज्जापेशींची धावपळ शांत करणे हे त्याचे काम. या गोळ्या स्वतः झोप आणत नाहीत, त्या गाबाचा जोर वाढवतात. बाहेरून कुणी असा रोज जोर लावू लागले की मेंदू गप्प बसत नाही. आपण दाराला आतून रेटा देत असलो आणि बाहेरून दुसरे कुणी उलट रेटत असले, तर दार जागेवरच राहते. मेंदू तसाच उलटा रेटा द्यायला शिकतो: गाबाला प्रतिसाद देणाऱ्या जागा मंदावतात आणि जागे ठेवणारी यंत्रणा अधिक तल्लख होते. म्हणूनच काही आठवड्यांत गोळीची झोप आणण्याची ताकद उतरते. आठव्या वर्षी आपण जी गोळी घेतो, ती पहिल्या आठवड्यातल्यासारखी झोप देत नसते. ती मुख्यतः त्या उलट्या रेट्याला थोपवून धरत असते.

आता एका रात्री आपण आतला रेटा एकदम काढून घेतला तर? दार धाडकन आत येते. झोप उडते, छातीत धडधडते, घाम येतो, हात कापतात, भांड्याचा आवाजही असह्य होतो. झोप लागलीच तर स्वप्ने भयंकर आणि खरी वाटावीत अशी पडतात. मूळचा निद्रानाश असा नव्हता, त्याहून हे वाईट असते. आणि मग चौथ्या रात्री माणूस गोळी घेतो, अर्ध्या तासात शांत होतो, आणि मनाशी पक्के ठरवतो की गोळीशिवाय आपले चालायचे नाही. खरे तर गोळीने तिच्याच अभावाचा त्रास मिटवलेला असतो. या अनुभवामुळे माणसे जितकी गोळीला बांधली जातात, तितकी दुसऱ्या कशानेही जात नसतील असे आम्हाला वाटते.

इथे एक शब्द जपून वापरावा अशी आमची सूचना आहे. घरातली तरुण मुले पटकन म्हणतात, “आईला गोळ्यांचे व्यसन लागले.” व्यसन म्हणजे मात्रा चढवत नेणे, चोरून घेणे, त्यापायी बाकीचे सगळे सोडणे. रोज रात्री अर्धा मिलिग्रॅम घेणाऱ्या आजी तसे काहीही करत नसतात. त्यांच्या शरीराला औषधाची सवय झाली आहे, आणि ती डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे औषध घेऊनच झाली आहे. व्यसन म्हटले की माणूस दुखावतो आणि विषयच बंद होतो.

त्रास केव्हा सुरू होईल हे औषध शरीरातून किती लवकर उतरते यावर असते. अल्प्राझोलामचे शरीरातले प्रमाण साधारण ११ तासांत निम्मे होते, वयस्कर माणसांत सुमारे १६ तासांत. क्लोनाझेपामला त्यासाठी ३० ते ४० तास लागतात. डायझेपाम तर दिवसेंदिवस रेंगाळते. म्हणून अल्प्राझोलाम सोडले तर एक-दोन दिवसांतच त्रास जाणवतो. डायझेपामचा त्रास आठवड्यानेही सुरू होऊ शकतो, आणि तोवर “काही झाले नाही, सुटली” असे वाटून माणूस फसतो. लवकर उतरणाऱ्या गोळ्यांची आणखी एक खूण आहे. रात्री दहाला गोळी घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास कारण नसताना अस्वस्थ, चिडचिडे वाटू लागते. घरचे म्हणतात, वयामुळे. पुष्कळदा तो उतरत चाललेल्या गोळीचा परिणाम असतो.

इतकी वर्षे घेतली तर आणखी चालू ठेवायला काय हरकत आहे, असे विचारणारेही आहेत. चाळिशीत कदाचित फारसे जाणवणार नाही. साठीनंतर औषध हळू उतरते, मेंदू त्याला अधिक संवेदनशील होतो, आणि रात्री दोनला लघवीला उठलेल्या माणसाचा तोल जातो. खुब्याचे हाड मोडण्याची कहाणी अनेकदा तिथून सुरू होते. नव्या गोष्टी लक्षात राहत नाहीत, सकाळ जड जाते. कालची गोष्ट विसरणाऱ्या माणसाला स्मृतिभ्रंश झाला असे ठरवण्यापूर्वी त्याची गोळ्यांची डबी तपासावी, असे आमच्यातले डॉक्टर नेहमी सांगतात.

मग कमी कशी करायची? या विषयात इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या डॉ. हेदर अ‍ॅश्टन यांचे नाव मोठे आहे. त्यांनी १९८२ ते १९९४ या काळात केवळ या गोळ्या सोडणाऱ्यांसाठी दवाखाना चालवला. त्यांच्या सांगण्याचा गाभा असा की मात्रा हळूहळू उतरवायची आणि वेग रुग्णाने ठरवायचा. अलीकडची मार्गदर्शक तत्त्वेही याच दिशेची आहेत. सर्वसाधारणपणे दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या पाच ते दहा टक्के, फार तर पंचवीस टक्के कपात, आणि त्रास झाला तर तिथेच थांबणे. इथे ‘चालू मात्रेच्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ते का, हे एका उदाहरणावरून पाहू.

उदाहरणातल्या काकू ६९ वर्षांच्या आहेत. अनेक घरांत पाहिलेले एकत्र करून आम्ही त्यांना उभे केले आहे. त्या आठ वर्षे रोज रात्री ०.५ मिलिग्रॅम अल्प्राझोलाम घेतात. फिट्सचा इतिहास नाही, दारूचा प्रश्न नाही, दुसरा मोठा मानसिक आजार नाही. डॉक्टरांनी पहिले दोन आठवडे काहीच कमी केले नाही. रोज ठरलेल्या वेळी गोळी घ्यायची आणि वहीत तीन गोष्टी लिहायच्या: अंथरुणाला किती वाजता टेकलो, अंदाजे किती तास झोप झाली, सकाळी किती वाजता उठलो. वहीतून कळले की काकू साडेनऊला आडव्या होतात, साडेपाचला उठतात आणि त्यातले सहाच तास झोपतात. या माहितीचा उपयोग पुढे येईल.

मग डॉक्टरांनी ०.५ च्या एका गोळीऐवजी ०.२५ च्या दोन गोळ्या लिहून दिल्या. ०.२५ च्या गोळीचे चार तुकडे केले तर रोजच्या मात्रेचे आठ तुकडे होतात. म्हणजे एक तुकडा हा मूळ मात्रेचा आठवा हिस्सा. मेडिकलवर गोळी कापायची छोटी डबी मिळते, तिच्यात पाते असते. सुरीने कापू नये, गोळीचा चुरा होतो. चार तुकडे अगदी सारखे होणार नाहीत. एका गोळीचे चारही तुकडे संपल्यावरच दुसरी कापली, तर कमी-जास्त आपोआप भरून निघते.

आठावरून सात, सातावरून सहा, सहावरून पाच, प्रत्येक पायरीवर दोन आठवडे. सातव्या आठवड्यात काकू चार तुकड्यांवर, म्हणजे अर्ध्या मात्रेवर आल्या. प्रत्येक कपातीनंतर दुसरी ते पाचवी रात्र वाईट जाई, मग सावरे. काकूंना हे आधीच सांगितलेले असल्याने त्या घाबरल्या नाहीत.

अर्ध्यावर आल्यावर मुलगा उत्साहाने म्हणाला, दीड महिन्यात अर्धे झाले, आणखी दीड महिन्यात संपेल. त्याचा हिशेब इथे चुकतो. आठातून एक तुकडा काढला तेव्हा मात्रा साडेबारा टक्क्यांनी उतरली होती. चारातून एक काढला तर पंचवीस टक्क्यांनी उतरते, दोनातून एक काढला तर निम्मी होते. तुकडा तेवढाच असतो, पण मेंदूला बसणारा हिसका मोठा होत जातो. म्हणूनच पुष्कळांची गाडी शेवटच्या टप्प्यात अडते, आणि ‘शेवटची एवढीशी तर आहे’ म्हणून ती फेकून देणाऱ्यांना तिथेच सर्वांत जास्त त्रास होतो.

म्हणून डॉक्टरांनी इथून वेग कमी केला. चार तुकड्यांवर चार आठवडे, तीनवर चार आठवडे. एवढ्यात घरात नातीचे लग्न आले. लग्नघरात कपात करायची नाही, तीनवरच आणखी चार आठवडे थांबायचे असे ठरले. थांबणे म्हणजे हरणे नव्हे. मात्र त्रास झाला म्हणून पुन्हा पाचवर चढायचे, मग तीनवर यायचे, असे वरखाली करणे टाळायचे, कारण मेंदूला स्थिर व्हायला वेळच मिळत नाही. त्रास फारच असह्य असेल तर एक पायरी मागे जायचे का हे डॉक्टर ठरवतील. पुढे दोन तुकड्यांवर चार आठवडे, एकावर चार आठवडे, आणि सत्ताविसाव्या आठवड्यात गोळी बंद. म्हणजे सहा महिने. एवढा वेळ ऐकून लोक दचकतात. आठ वर्षांच्या सवयीला सहा महिने फार नाहीत, आणि काहींना वर्षही लागते.

शेवटच्या पायऱ्या कुणाला फारच अवघड गेल्या, तर डॉक्टर कधी कधी गोळीच बदलतात. लवकर उतरणाऱ्या औषधाऐवजी रेंगाळणारे डायझेपाम तोलून देतात, म्हणजे रोजचे चढउतार कमी होतात आणि लहान पायऱ्या करता येतात. पण वयस्कर शरीरात तेच औषध साठत जाते आणि दिवसाही झोपाळू करते. शिवाय ही दोन औषधे मिलिग्रॅमला मिलिग्रॅम सारखी नाहीत. अ‍ॅश्टन यांच्या कोष्टकात अल्प्राझोलामच्या ०.५ बरोबर डायझेपामचे १० मिलिग्रॅम धरलेले आहेत, तर दुसऱ्या कोष्टकांत आकडा वेगळा आहे. हा हिशेब घरी करायचा नाही.

आता वहीकडे परत येऊ. काकू आठ तास अंथरुणात असतात आणि सहा तास झोपतात. उरलेले दोन तास घड्याळाकडे बघत कूस बदलण्यात जातात, आणि त्यातूनच ‘मला झोप येत नाही’ ही भीती वाढते. गोळी कमी करतानाच त्यांनी झोपायची वेळ साडेनऊवरून अकरावर नेली. सकाळची साडेपाचची वेळ मात्र रात्र कशीही गेली तरी बदलायची नाही. दुपारी आडवे व्हायचे नाही, फार तर वीस मिनिटे खुर्चीत. झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत न पडता उठून दुसऱ्या खोलीत बसायचे, डोळे जड झाले की परत यायचे. ऐकायला हे आजीबाईच्या बटव्यासारखे वाटते, पण जुन्या निद्रानाशावर गोळीच्या आधी वापरावा असा आज मान्य असलेला उपचार तो हाच आहे. पहिला आठवडा जड जातो. नंतर झोप कमी तुकड्यांची आणि गाढ होते. काकूंना गोळी सुटल्यावर पावणेसहा तास झोप लागते, म्हणजे आधीपेक्षा पंधरा मिनिटे कमी. सत्तरीजवळ सहाच्या आसपास तास पुरतात, हे मानायलाच त्यांना सर्वांत जास्त वेळ लागला.

कपातीचा त्रास कोणता आणि मूळचा आजार परत आला तो कोणता, हे ओळखायची एक रीत आहे. कपातीचा त्रास मात्रा उतरल्यावर थोड्याच दिवसांत येतो, त्यात पूर्वी कधी नसलेल्या गोष्टी असतात (आवाज-उजेड सहन न होणे, हातापायांना मुंग्या, अंगाला कंप), आणि एक-दोन आठवड्यांत तो ओसरू लागतो. मूळची चिंता किंवा उदासी सावकाश येते, आठवड्यांमागून आठवडे टिकते, आणि पूर्वीसारखीच असते. ती आली तर तिच्यावर वेगळा उपचार हवा, तेवढ्यासाठी ही गोळी नको.

सगळ्यांनी हा मार्ग घरच्या घरी धरू नये. ज्यांना कधी फिट आली आहे, जे नियमित दारू पितात, ज्यांची मात्रा मोठी आहे किंवा अशा दोन-तीन गोळ्या एकत्र चालू आहेत, त्यांना नीट देखरेख लागते, काहींना रुग्णालयात राहावे लागते. क्लोनाझेपाम फिट्सवरही देतात. तशी ती चालू असेल तर या लेखावरून तिला हातही लावू नये. कपातीच्या काळात झटका आला, माणूस बरळू लागला, नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. मन फार खचले, जीव नकोसा वाटू लागला, तर डॉक्टरांना लगेच कळवावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे.

आपल्याकडे हमखास होणाऱ्या काही घोटाळ्यांबद्दलही सांगायला हवे. एक म्हणजे मिश्र गोळी. एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घातलेल्या स्ट्रिपा सर्रास मिळतात. ती गोळी अर्धी केली की उदासीवरचे औषधही अर्धे होते. दोन्ही वेगळी करून घेतल्याशिवाय कपात सुरू करता येत नाही. ‘एसआर’ लिहिलेली, सावकाश विरघळणारी गोळी तर कापूच नये, कापली की सगळे औषध एकदम सुटते. सुरुवातीलाच ‘एक दिवसाआड’ घेण्याचा घरगुती उपायही लवकर उतरणाऱ्या गोळ्यांना लागू पडत नाही, कारण एका रात्रीआड आपण पूर्ण बंदच करत असतो. आणि झोपेच्या गोळीऐवजी रात्री सर्दीची झोप आणणारी गोळी किंवा ‘थोडीशी’ दारू, हे दोन्ही साठीनंतर त्याहून बरे नाही.

कॅनडात २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आम्हाला विशेष वाटतो. वर्षानुवर्षे या गोळ्या घेणाऱ्या ६५ वर्षांवरील ३०३ जणांपैकी निम्म्यांना एक पुस्तिका दिली. तिच्यात गोळीचे धोके आणि पायरी-पायरीने कमी करायचे कोष्टक होते. सहा महिन्यांनी पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांची गोळी पूर्ण सुटली होती, न मिळालेल्यांपैकी ५ टक्क्यांची. आणखी ११ टक्क्यांची मात्रा कमी झाली होती. पुस्तिका मिळूनही बहुतेकांची सुटली नाही, हेही त्याच आकड्यांत दिसते. ज्यांची अर्ध्यावर येऊन थांबली, त्यांचा तोल जाण्याचा धोकाही उतरतोच, त्यांनी स्वतःला दोष देऊ नये.

शेवटी अचानक खंड पडण्याबद्दल. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे एच-१ यादीत आहेत. दुकानदाराला ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. मुलाकडे पुण्याला किंवा बंगळुरूला महिनाभर गेलेल्या आजोबांची स्ट्रिप संपते, तिथला दुकानदार चिठ्ठी मागतो, आणि नकळत एकदम बंद होते. रुग्णालयात भरती होतानाही असेच घडते. रक्तदाबाच्या गोळ्या सांगितल्या जातात, झोपेची सांगायची राहते, आणि शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आजोबा बरळू लागले की सगळे वयाकडे बोट दाखवतात. प्रवासाला निघताना ताजी चिठ्ठी आणि पुरेशा गोळ्या सोबत ठेवाव्यात. घरातल्या फाइलच्या पहिल्या पानावर या गोळीचे नाव, मात्रा आणि किती वर्षांपासून चालू आहे ते लिहून ठेवावे. कपात चालू असेल तर आज कितव्या पायरीवर आहोत तेही, तारखेसकट.